आमच्या सासूबाईंचं वैराग्य

सुधीर गेल्यावर चारएक महिन्यांत आमच्या घरी एक संत राहतात, अशी बातमी इंदिरानगरात पसरली. ती संत मी नव्हे, हे आधीच सांगून टाकते. मी भाजीबाजारात कोवळे दोडके दिसले की रडणारी बाई होते, कारण दोडक्याची भाजी केली की सुधीर ताटाकडे बघून म्हणायचा, "आज माझा उपास आहे वाटतं." संत होत्या माझ्या सासूबाई, वय शहात्तर. मुलगा गेल्यापासून त्यांच्या डोळ्यांतून पाण्याचा एक थेंब आला नव्हता. पहाटे साडेतीनला उठून त्या देवघरासमोर बसत. बोलणं जवळजवळ सोडलं होतं, खाणं अर्ध्या पोळीवर आलं होतं. लोक त्यांच्या पाया पडायला येऊ लागले होते. आणि मी, जिचा देवधर्माशी संबंध देवळांचं कोरीवकाम बघण्यापुरता, त्यांच्याकडे बघून मनातल्या मनात जळत होते. एकाच माणसामागे आम्ही दोघी उरलो होतो. त्यांना शांती मिळाली आणि मला दोडके, हा कुठला न्याय?

सुधीर माझा नवरा. सातपूरच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम करायचा. ज्येष्ठातल्या एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं. चौपन्न वर्षांचा होता. संध्याकाळी त्याच्या मित्राने डबा आणून दिला. डब्यात एक पोळी उरली होती. त्या पोळीचं काय करायचं, हे मला कितीतरी वेळ कळेना. टाकवेना, खाववेना. शेवटी ती मी डब्यात तशीच ठेवली आणि चौथ्या दिवशी बुरशी आल्यावर आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, न बोलता डबा घासून ठेवला.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. आमच्याकडे प्रत्येक पुस्तकाला क्रमांक असतो आणि प्रत्येक क्रमांकाला कपाट. दुःखाचंही असंच काही असेल, आधी हे, मग ते, मग शेवटचा कप्पा आणि काम संपलं, अशी माझी नकळत समजूत होती. प्रत्यक्षात सगळी पुस्तकं जमिनीवर पडलेली होती. दहाव्या दिवशी रामकुंडावर कावळा पिंडाला शिवेना, सगळे ताटकळले, तेव्हा सुधीरचा मित्र माझ्या कानाशी म्हणाला, "वहिनी, चुकून दोडक्याची भाजी नाही ना वाढली?" आणि मी तोंडाला पदर लावून हसले. खरंच हसले. त्यानंतर दोन तासांत घरी येऊन मोरीत बसून असा हंबरडा फोडला की शेजारीण धावत आली. पुढे तीन-तीन दिवस बरे जात. मी पुस्तकं देत-घेत असे, मुलांना दंडावरून बोलत असे, गॅसचा नंबर लावत असे. मग कुणीतरी जिन्यात त्याच्यासारखं खोकायचं आणि पायाखालची जमीन जायची. त्याच्या स्कूटरसारखा आवाज आला की मी घड्याळ बघायची, आज लवकर कसा आला म्हणून. आणि त्याच घटकेला त्याचा रागही यायचा, तपासण्या करून घे म्हणून किती सांगितलं होतं. मला तो हवा होता. आठवण म्हणून नाही, फोटो म्हणून नाही. चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा तो माणूस, जसाच्या तसा. ती ओढ इतकी अंगात होती की हात दुखायचे.

आईंचं मात्र काहीच हलत नव्हतं. मी त्यांना ओळखते ती गेली सव्वीस वर्षं. तिखट जिभेची बाई. दूधवाल्याशी रोज पाण्यावरून भांडण, रेडिओवर बातम्या ऐकताना मंत्र्यांना शिव्या, आणि नाशकातल्या कोणत्या मिसळीचा रस्सा अलीकडे पाणचट झालाय याची पक्की यादी. माझ्या पहिल्या पुरणपोळीला त्यांनी "चांगली झालीय, दारं पुसायला" म्हटलं होतं. आता त्या दूधवाल्याने काय दिलं ते बघतही नसत. एक दिवस रेडिओ त्याला देऊन टाकला. चांगल्या साड्या काढून कामवालीला दिल्या. चालणं संथ झालं, उत्तर यायला वेळ लागायचा. लोकांना यात फार उंच काहीतरी दिसलं. आमच्या भागातल्या उपासना मंडळाच्या शैलाताई, मनाने चांगली पण ध्वनिक्षेपकाशिवाय भक्ती होत नाही असं मानणारी बाई, दोनदा येऊन गेल्या. "ब्रह्ममुहूर्तावर उठतात, मिताहार, मौन, अपरिग्रह," त्या बोटांवर मोजत म्हणाल्या. "लोकांना जन्मभर साधत नाही हो. मार्गशीर्षातल्या सोहळ्यात आपण त्यांचा सत्कार करू. स्थितप्रज्ञ माता." आईंनी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्या भिंतीकडे बघत होत्या. एका पहाटे मी पाणी प्यायला उठले तेव्हा त्या देवघरासमोर बसलेल्या दिसल्या. दिवा लावलेला नव्हता. माळ हातात होती आणि मणी एकाच जागी. मी मनात म्हटलं, याला समाधी म्हणत असावेत. इतकं वाचून माणूस किती आंधळं राहू शकतं, याचा पुरावा मी स्वतः आहे.

माझी नणंद माधवी पुण्यात एका कंपनीत लोकांना प्रशिक्षण देते. तिने दिवाळीत एक रंगीत तक्ता आणला आणि फ्रीजवर चुंबकाने लावला. शोकाच्या पाच पायऱ्या: नकार, संताप, सौदा, नैराश्य, स्वीकार. तिचाही भाऊच गेला होता. तक्ता ही तिची धरायची काठी होती, हे मला नंतर समजलं. तेव्हा फक्त चिडायला झालं.

"वहिनी, तू चौथीवर अडकली आहेस," ती म्हणाली. "आई बघ, थेट पाचवीवर."

"मधल्या पायऱ्या? लिफ्टने गेल्या का?"

"थट्टा करू नकोस. तुझं रडणं थांबत नाहीये. सहा महिने होतील आता. मला भीती वाटते तुझी."

मी तक्त्यावर पेन्सिलीने खुणा करून पाहिल्या. सोमवारी स्वीकार, मंगळवारी सकाळी नकार, दुपारी संताप, संध्याकाळी ज्याचं नावच तक्त्यात नव्हतं ते काहीतरी. मला वाटलं, मी शोकही नीट करत नाही. नापास विधवा. माधवीने मग त्र्यंबकेश्वरला रुद्राभिषेक ठरवला, माझ्या मनःशांतीसाठी. आई बरोबर असल्या की पूजेला बळ येईल म्हणून त्यांनाही घ्यायचं ठरलं. ठरवलेल्या गुरुजींनी एक पत्रक पाठवलं होतं, त्यात कोणत्या पूजेने काय मिळतं याची यादी होती, जेवणाच्या ताटांसारखी. मी गेले ती माधवीच्या चेहऱ्याकडे बघून. श्रद्धा म्हणाल तर शून्य होती.

मार्गशीर्षातली थंड सकाळ होती. गाडी अंजनेरीच्या पुढे गेली आणि गुरुजींचा फोन आला. त्यांच्या घरात त्या पहाटे मुलगी जन्मली होती. सोयेर आलं, म्हणजे दहा दिवस त्यांना पूजा सांगता येणार नव्हती. आमच्यासाठी त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्या गुरुजींना विनवलं होतं. त्यांनी वयामुळे पूजा सांगणं बंद केलं होतं, पण आजचा दिवस हो म्हणाले होते. माधवीचं तोंड उतरलं. मला उगाच बरं वाटलं. कुणाच्या तरी घरी कुणीतरी आलं होतं.

कुशावर्ताजवळच्या एका अरुंद घरात ते बसले होते. ऐंशी ओलांडलेले, सोवळ्यावर विटका स्वेटर, समोर पाट मांडलेले. पत्रक नाही, फोटो नाहीत. आम्हाला बसवलं, आचमन करवलं, हातात अक्षता आणि पळीभर पाणी दिलं. तिथी, वार, गोत्र सांगून झालं आणि ते थांबले.

"संकल्पात कामना बोलावी लागते," ते म्हणाले. "पूजा कशासाठी ते. ठरलेली म्हणू, की तुमची स्वतःची काही आहे?"

खोटं बोलायचा मला कंटाळा आला होता. मी म्हटलं, "सुधीरने एकदा समोर बसून चहा प्यावा. पाच मिनिटं. काही बोलला नाही तरी चालेल." आणि रडू आलंच. माधवीने माझा हात दाबला, गप्प बस अशा अर्थाने.

गुरुजी हसले नाहीत. "हे माझ्याच्याने व्हायचं नाही. देवाच्याने होत असतं तर या गावात रांग संपलीच नसती. पण मागणं चांगलं आहे. जित्या माणसाचं आहे." मग आईंकडे वळले. "आणि बाई, तुमचं?"

"काही नाही," आई म्हणाल्या.

"आईला काही नकोच असतं, गुरुजी," माधवी अभिमानाने म्हणाली. "ती विरक्त झालीय."

म्हाताऱ्याने पळी ताम्हनात ठेवली. आईंकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग भाजीचा भाव विचारावा इतक्या साध्या आवाजात म्हणाले, "काल काय जेवलात?"

"वाढलं ते."

"चव लागली?"

"माती."

"जप होतो?"

"माळ धरते. पुढे जात नाही."

"पहाटे जाग येते तेव्हा पहिलं काय वाटतं?"

आईंना उत्तर द्यायला इतका वेळ लागला की बाहेरून जाणाऱ्या माणसांचं अख्खं बोलणं ऐकू आलं. "उजाडू नये," त्या म्हणाल्या.

गुरुजी माधवीकडे बघून म्हणाले, "विरक्त माणूस मी जन्मात दोन-तीनच पाहिले. त्यांनाही काही नको असायचं. पण हलके असायचे, बाळ. पोरांशी खेळायचे, दिलेलं गोड करून खायचे. या जड आहेत. हे वैराग्य नव्हे." आणि पुन्हा आईंना, नजर न हटवता, "बाई, स्पष्ट विचारतो. जीव द्यावा असं मनात येतं?"

असं कुणी विचारतं का? विचारल्याने नसलेलं मनात येईल, असं मला वाटलं. पण आईंच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी काहीतरी हललं, कुणीतरी दार वाजवल्यासारखं. "रोज," त्या म्हणाल्या. "देवाने माणूस चुकीचा नेला. मी कुणाच्या कामाची नाही. माझ्यासारखी पापी बाई घरात उरली म्हणून हे असं होतं. मी गेले की या पोरी सुटतील."

मी सहा महिने ज्या बाईच्या शांतीचा हेवा केला, ती बाई रोज पहाटे साडेतीनपासून त्या एकाच विचारासमोर बसत होती, आणि आम्ही तिच्या पाया पडत होतो.

गुरुजींनी आमच्या तळहातावरच्या अक्षता परत घेतल्या. माधवी घाबरून म्हणाली, "गुरुजी, सुरू केलेली पूजा अर्धवट सोडली तर..."

"पाणी सोडलं नाही अजून. न सोडलेला संकल्प मोडत नाही," ते म्हणाले. "आणि दोष असलाच तर माझ्या माथी घाला. तिथे आधीचा एक आहे, त्याला सोबत होईल." मग खाली बघत सांगितलं, ते एवढंच. त्यांचा थोरला भाऊ तरुण मुलगी गेल्यावर असाच अबोल झाला. खाईना, झोपेना, हसेना. गावाने त्याला सिद्ध म्हटलं. यांनी स्वतः त्याच्या पायाचं तीर्थ घेतलं. एक दिवस तो कुणालाच न सांगता कायमचा निघून गेला. "रडणाऱ्याची मला काळजी नसते. शोक गोदावरीसारखा असतो, कधी पूर, कधी खडक दिसतात, पण वाहतो. हे पाणी थांबलंय. आजच्या आज मनाच्या डॉक्टरकडे न्या. आणि तोवर यांना क्षणभर एकटं सोडू नका." नाशकातल्या ज्या डॉक्टरीणबाईंकडे त्यांची भाची जाते, त्यांना त्यांनी स्वतः फोन लावला. निघताना आईंना म्हणाले, "बाई, यायचं हं पुन्हा. तुमची कामना बाकी आहे."

दुपारी आम्ही डॉक्टरांच्या समोर होतो. चाळिशीची बाई, बोलणं हळू, घाई नाही. त्यांनी आईंना विचारलं, दिवसात एखादी तरी घटका हलकी जाते का. नाही. सकाळ वाईट की संध्याकाळ? सकाळ. सुधीरची एखादी छान आठवण सांगाल? आई म्हणाल्या, "आठवतच नाही. चेहरा येतो, पण सपाट." स्वतःविषयी काय वाटतं? तेव्हा आईंनी जे सांगायला सुरुवात केली ते ऐकून मी थिजले. चाळीस वर्षांपूर्वी एका मोलकरणीला बोलल्या ते पाप, नवऱ्याच्या आजारपणात डुलकी लागली ते पाप, माझ्या पुरणपोळीला नावं ठेवली तेही पाप. सुधीरच्या मरणाशी त्यातल्या कशाचाच संबंध नव्हता. सगळ्या आयुष्यावर त्यांनी स्वतःच आरोपपत्र लिहिलं होतं.

मग डॉक्टरांनी आम्हाला समजावलं. शोकातही झोप जाते, भूक जाते, जगणं नकोसं वाटतं, म्हणून वरून दोन्ही सारखेच दिसतात. पण शोक लाटांनी येतो. आठवणीवर आपटून उसळतो, मग ओसरतो, आणि मधल्या वेळात माणूस हसू शकतो, कुणी जवळ घेतलं तर त्याला बरं वाटतं. अपराधी वाटलं तरी ते बहुधा गेलेल्या माणसाशी बांधलेलं असतं, लवकर दवाखान्यात न्यायला हवं होतं वगैरे. मरणाचा विचार आला तर तो त्याच्याकडे जावं असा असतो. मन रिकामं होतं, पण स्वतःची किंमत शाबूत राहते. नैराश्याच्या आजारात लाट नसते, सगळीकडे एकच राखाडी पाणी. कशातच गोडी नाही, जवळ घेतलं तरी पोचत नाही, आणि माणूस स्वतःलाच निकामी ठरवतो. मरण हवं असतं ते आपण जगायच्या लायकीचे नाही म्हणून. "आणि दोन्ही एकत्र असू शकतात," त्या म्हणाल्या. "आईंना मुलाचा शोक आहेच. पण त्याच्यावर हा आजार बसलाय, म्हणून त्यांना रडताही येत नाही."

माधवी म्हणाली, "पण डॉक्टर, मुलगा गेलाय. वाईट वाटणारच ना?"

"जिन्यावरून पडलं हे कारण माहीत आहे, म्हणून मोडलेलं हाड जोडायचं नाही का?"

मग माधवीने खालच्या आवाजात पाच पायऱ्यांविषयी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, त्या मुळात मागे राहिलेल्यांच्या नव्हेतच. स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांच्या बोलण्यावरून कुणीतरी मांडल्या होत्या, पुढे लोकांनी त्यांचा सगळ्यांसाठी जिना केला. शोकात राग, नकार, शांतपणा सगळं येतं, पण क्रमाने येत नाही, आणि काहींना त्यातलं काही येतच नाही. माणूस कधी दुःखात बसतं, कधी गॅसचा नंबर लावतं, दोन्हीकडे ये-जा करत राहतं. ती ये-जा हेच काम. मी विचारलं, "म्हणजे मी नापास नाही?" त्यांनी मला झोपेचं, कामाचं, हसण्याचं विचारलं. मी कावळ्याचा किस्सा सांगितला आणि सांगताना आधी हसले, मग रडले. त्या म्हणाल्या, "तुम्हाला औषध नको. तुम्हाला दुःख आहे. वर्ष उलटूनही रोजचं जगणं अजिबात सुरू झालं नाही, सगळं तिथेच गोठलेलं राहिलं, तर या. त्यालाही उपाय असतो. पण आज तुम्हाला फक्त सोबत हवी."

आईंच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, कारण म्हातारपणी थायरॉइड आणि जीवनसत्त्वांची कमतरताही असा मुखवटा घालते. गोळी अगदी लहान सुरू झाली. डॉक्टरांनी बजावलं, दोन-चार आठवडे काहीच दिसणार नाही, तेव्हा धीर सोडायचा नाही आणि मनाने बंदही करायची नाही. गोळ्या माझ्या ताब्यात. माधवी सुट्टी काढून राहिली. सत्कार रद्द झाल्याचं मी शैलाताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी कारण विचारलं, मी खरं ते सांगितलं. त्या पायरीवरच बसल्या. "आणि मी त्यांना हार घालणार होते," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून मी ग्रंथालयात गेले की दुपारी त्या येऊन आईंजवळ बसायच्या, गवार निवडत, ध्वनिक्षेपकाशिवाय. आठवड्यातून एकदा आम्ही दवाखान्यात जायचो, आई डॉक्टरांशी बोलायच्या. पहिले तीन आठवडे डॉक्टरांनी सांगितलं तसेच गेले, म्हणजे कोरडे. मग एक दिवस त्या सकाळी साडेपाचपर्यंत झोपल्या. मग पोळी पूर्ण खाल्ली. आणि सहाव्या आठवड्यात एका दुपारी वाटी खाली ठेवून म्हणाल्या, "आमटीत चिंच घातलीस, की चिंचेत आमटी?" मी ओट्याशी जाऊन डोळे पुसले. कुणाच्या टोमण्याची इतक्या आतुरतेने वाट मी आयुष्यात पाहिली नव्हती.

त्या काळात मी पुष्कळदा विचार करायची. ज्या घरी पूजा ठरली होती तिथे त्या पहाटे बाळ जन्मलं नसतं, तर ठरलेली कामना ठरल्यासारखी म्हटली गेली असती, प्रसादाची पुडी घेऊन आम्ही परतलो असतो, आणि पुढच्या आठवड्यात आई व्यासपीठावर बसल्या असत्या. त्यापुढचं मी मनात येऊ देत नाही. हा योगायोग आहे हे मला कळतं. योगायोग हा शब्द मी स्वतःच लोकांना फार वेळा ऐकवलाय. पण तो शब्द हातात घेऊन पाहिला तर पुरत नाही, एवढंच सांगू शकते. त्या मुलीचं नाव मला माहीत नाही. कुणाला हात जोडायचे हे न कळून मी नुसतीच जोडते.

फाल्गुनात ऊन चढलं तशी आईंनी उडदाच्या पापडांचं पीठ भिजवायला सांगितलं. शैलाताई दारातूनच म्हणाल्या, "अहो, वर्षाच्या आत पापड करत नाहीत."

"ज्याच्यासाठी करायचे नाहीत, त्यालाच आवडायचे," आई म्हणाल्या. "मी त्याचं त्याच्याशी बघते. तुम्ही लाटणं आणलंय का, की नुसतं शास्त्र?"

शैलाताई लाटणं आणायला गेल्या. गच्चीवर आम्ही दोघीच होतो. आई पीठ कुटून लाट्या तोडत होत्या, मी लाटत होते. मधेच त्यांनी एक लाटी तेलात बुडवली आणि ताटलीच्या कडेला वेगळी ठेवली. हात पुढच्या लाटीकडे गेला, आणि थांबला. आई त्या लाटीकडे बघत राहिल्या. "ही मी कुणाला ठेवली?" त्यांनी विचारलं. मी लाटणं खाली ठेवलं. मग त्यांच्या घशातून एक आवाज आला, मी आजवर न ऐकलेला, आणि त्या रडू लागल्या. लहान असताना सुधीर कच्च्या लाट्या चोरायचा, पोट दुखलं की ओवा मागायचा, आणि शपथ घेऊन सांगायचा की शेजारच्या घरी खाल्ल्या. हे सगळं त्या रडता रडता सांगत होत्या, मधे हसतही होत्या, त्याचं नाव घेत होत्या. सपाट चेहरा गेला होता. समोर ओठाला तेल लागलेला सहा वर्षांचा मुलगा होता. नऊ महिन्यांनी आता कुठे त्यांचा मुलगा गेला. मी त्यांना धरलं आणि मीही रडले. "हळू रड," त्या माझ्या खांद्यावर म्हणाल्या, "लोक म्हणतील सासू छळते."

तरीही मी घाबरलेच. खाली येऊन डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारलं, रडून झाल्यावर काय केलं? मी म्हटलं, तोंड धुतलं, चहा मागितला, आणि माझे पापड बघून म्हणाल्या काठ जाड ठेवतेस. त्या म्हणाल्या, "गोळी चालू ठेवा. आणि रडू द्या. हे रडणं आजार नाही."

सुधीर मला अजून हवा आहे. आज लिहिताना, या ओळीपाशी, तितकाच. पूर्वी मला वाटायचं, शरण जाणं म्हणजे काही नको होणं. तसं मी घरात सहा महिने पाहिलं आणि त्याला हार घालायला निघालेले लोकही पाहिले. आता मला वाटतं, शरण जाणं म्हणजे मिळणार नाही हे माहीत असूनही हवं असू देणं. ओढ आपली असते, तिचं वेळापत्रक आपलं नसतं. देवाकडे मी एवढंच मागते, की ही ओढ वाहती राहू दे, माझी आणि आईंचीही.

मी फोन ठेवून गच्चीवर परत गेले तेव्हा ऊन कलायला आलं होतं, शैलाताई लाटणं घेऊन बसल्या होत्या आणि आई त्यांच्याही पापडांच्या काठांना नावं ठेवत होत्या. ती तेलातली लाटी ताटलीच्या कडेला तशीच होती. आईंनी ती उचलून माझ्यापुढे धरली. "खा," म्हणाल्या. "त्याचा वाटा आहे. टाकवत नाही." मला कच्चं उडदाचं पीठ कधीच आवडलं नाही. मी दोन्ही हात पुढे केले, प्रसाद घेतात तसे, आणि खाल्ली. तिखट होती, तेलकट होती. चव लागत होती.